बाटलीवरचा ‘हाय कॅफीन’ आणि त्यामागचं गणित

शाळेजवळच्या टपरीवर, एसटी स्टँडवरच्या फ्रिजमध्ये, किराणा दुकानाच्या काउंटरवर आता एनर्जी ड्रिंकची छोटी बाटली सहज मिळते. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन सूचना असतात. पहिलीचा अर्थ असा, की यात कॅफीन जास्त आहे. मुलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया आणि कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्तींसाठी हे पेय योग्य नाही. दुसरी सांगते, की दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये. दोन्ही सूचना कायद्याने आल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पण त्या एकापाठोपाठ वाचल्या की वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पहिली सूचना वाचतो आणि स्वतःला ‘मुलं’ या शब्दात धरत नाही. त्याच्या लेखी मुलं म्हणजे धाकटी भावंडं. मग त्याच्यासाठी दुसरी सूचना उरते, आणि ५०० मिलिलिटर म्हणजे २५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या चालतात असा अर्थ तो काढतो. गरोदर बाईच्या बाबतीत पहिली सूचना स्पष्ट असते, पण ‘योग्य नाही’ म्हणजे एक घोटही नाही की थोडं चालेल, हे तिथे लिहिलेलं नसतं. शिवाय घरात दिवसभर चहा सुरूच असतो. त्या चहातलं कॅफीन आणि बाटलीतलं कॅफीन एकाच खात्यात जमा होतं, याची आठवण बाटली करून देत नाही.

या दोघांसाठीही लेबलवरून बऱ्यापैकी नेमका निर्णय करता येतो. त्यासाठी बाटलीवरचा एक आकडा शोधावा लागतो आणि त्याच्यापुढे बाटलीवर नसलेले दोन आकडे मांडावे लागतात.

आधी बाटलीवरच्या आकड्याचं पाहू. भारतात अशा पेयांचं कायदेशीर नाव ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ असं आहे, आणि ते बाटलीवर छापावं लागतं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, या वर्गासाठी कॅफीनच्या दोन मर्यादा घालून दिल्या आहेत. एका लिटरमध्ये किमान १४५ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम. कोलासारख्या साध्या शीतपेयांत कॅफीन घालायचं तर ते लिटरला १४५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. त्यांच्यावर फक्त ‘कॅफीन आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे कोलाची हद्द संपते तिथे एनर्जी ड्रिंकची सुरू होते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत हाच विषय निघाला, तेव्हा तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी घालण्याचं जाहीर केलं होतं. त्या चर्चेतही १४५ ते ३०० हेच आकडे सांगितले गेले.

वरची मर्यादा लक्षात ठेवण्याचा फायदा असा, की बाटलीवर कॅफीनचं प्रमाण सापडलं नाही किंवा छपाई पुसट झाली असेल तरी अंदाज बांधता येतो. लिटरला ३०० म्हणजे दर १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. मिलिलिटरचा आकडा घ्यायचा, त्याला तिनाने गुणायचं आणि दहाने भागायचं. २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम, ५०० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. भारतीय नियमांप्रमाणे बनलेली बाटली याच्या वर जायला नको. बाजारातली बरीच पेयं या मर्यादेला अगदी टेकून असतात, त्यामुळे हा अंदाज सहसा फार चुकत नाही.

प्रमाण छापलेलं असेल तर ते तीन-चार वेगवेगळ्या रूपांत भेटतं, आणि फसगत बहुधा इथेच होते. कधी पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘दर १०० मिली’ या रकान्याखाली २९ मिलिग्रॅम असं असतं. हा आकडा संपूर्ण बाटलीचा समजला तर हिशोब अडीच पटींनी चुकतो, कारण २५० मिलिलिटरच्या बाटलीत तो ७२ च्या आसपास होतो. कधी शेजारी ‘दर सर्व्हिंग’ असा रकाना असतो. तिथे सर्व्हिंग किती मिलिलिटरची धरली आहे हे पाहायला हवं, कारण मोठ्या बाटलीत दोन सर्व्हिंग असू शकतात आणि उघडलेली बाटली अर्धी ठेवून उठणारा विरळाच. कधी घटकांच्या यादीत कंसामध्ये ०.०३ टक्के एवढंच असतं. हा आकडा पाहून कॅफीन नगण्य आहे असं वाटतं, पण ०.०३ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजेच कायद्याची कमाल मर्यादा. आणि कुठे ‘पीपीएम’ लिहिलेलं असेल तर तो दर लिटरला मिलिग्रॅमचाच आकडा आहे असं धरायला हरकत नाही.

घटकांच्या यादीत आणखी एक नाव पाहावं: ग्वाराना. ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातली वेल, आणि तिच्या बियांत कॅफीन असतं. भारतातली ३०० ची मर्यादा एकूण कॅफीनची आहे, मग ते कुठूनही आलेलं असो, त्यामुळे इथल्या बाटलीत ग्वारानाचं कॅफीन त्यातच मोजलं गेलं पाहिजे. परदेशी डब्यांच्या बाबतीत मात्र हे गृहीत धरता येत नाही. टॉरीन, जिनसेंग आणि ब जीवनसत्त्वं ही नावंही यादीत असतात. ती कॅफीन नव्हेत, आणि त्यांच्यामुळे कॅफीनचं प्रमाण वाढत किंवा कमी होत नाही.

एवढ्याने बाटलीवरचा आकडा हाती आला. आता तो कुणासाठी, हा प्रश्न.

किशोरवयीन मुलांसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा मापदंड युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिला. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम कॅफीन, आणि तेही सगळ्या पदार्थांतून मिळून. कॅनडाचं आरोग्य खातं याहून थोडं कडक आहे; अठरा वर्षांखालच्यांसाठी ते किलोमागे अडीच मिलिग्रॅम सांगतं. युरोपच्या आकड्याच्या जन्मकथेतच त्याची मर्यादा दिसते. मुलांवर कॅफीनचे प्रयोग फारसे झालेले नाहीत. म्हणून निरोगी प्रौढांना एका वेळी जेवढं कॅफीन घेऊन काही त्रास दिसला नाही, तेवढंच प्रमाण वजनाच्या हिशोबाने मुलांना लावलं गेलं. मुलांच्या शरीरातून कॅफीन प्रौढांइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बाहेर पडतं, हा त्यामागचा आधार. म्हणजे हा आकडा चिंतेची हद्द कुठून सुरू होते ते दाखवतो. शरीराला एवढं कॅफीन हवं असतं असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

एक उदाहरण घेऊ. लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गात जाणारा नववीतला मुलगा, वय चौदा, वजन ४० किलो. युरोपच्या मापाने त्याची दिवसाची हद्द १२० मिलिग्रॅम. कॅनडाच्या मापाने १००. सकाळी घरून निघताना तो एक कप चहा घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत एका वेळच्या चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं असं दिलं आहे. मुलाचा चहा दुधाळ आणि फिका म्हणून सगळ्यात कमी, म्हणजे ३० धरू. संध्याकाळी शिकवणीला जाण्याआधी तो एनर्जी ड्रिंकची २५० मिलिलिटरची एक बाटली घेतो, त्यातून ७२. बेरीज १०२ झाली. कॅनडाची हद्द इथेच ओलांडली. रात्री मित्रासोबत वडापाव खाताना २५० मिलिलिटर कोला प्यायला, तर त्यातून साधारण २५ मिलिग्रॅम येतात, आणि बेरीज १२७ होते. युरोपची हद्दही गेली. त्या दिवशी त्याने एनर्जी ड्रिंकची एकच बाटली घेतली होती, आणि उरलेल्या दोन गोष्टींना घरात कुणी हरकतही घेतली नसती.

आता त्याच मुलाला बाटलीवरची ५०० मिलिलिटरची सूचना लावून पाहा. २९ च्या दराने दोन बाटल्या म्हणजे १४५ मिलिग्रॅम. चहा आणि कोला बाजूला ठेवले तरी ४० किलोच्या मुलासाठी हे हद्दीच्या वर आहे. ही सूचना प्रौढांच्या मापाने बेतलेली आहे. ज्यांना पहिल्या सूचनेने वगळलंच आहे, त्यांच्यासाठी दुसरी लिहिलेली नाही. दोन्ही ओळींचा मेळ असा बसतो, आणि पालकांनी मुलांना नेमकं हेच समजावून सांगायला हवं.

मुलगा सतरा वर्षांचा आणि ६० किलोचा असेल तर युरोपची हद्द १८० मिलिग्रॅमवर जाते. तेव्हा एक बाटली, अगदी दोनही, निव्वळ बेरजेत बसतात. पण इथे दुसरा, कमी माहीत असलेला आकडा आडवा येतो. त्याच युरोपीय अहवालात असं म्हटलं आहे, की साधारण १०० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे किलोमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम, झोपेच्या आसपास घेतलं तर काही प्रौढांची झोप लागायला वेळ लागतो आणि झोपेचा काळ घटतो. ६० किलोला हा आकडा ८४ होतो, ४० किलोला ५६. म्हणजे नववीतल्या मुलासाठी एकच छोटी बाटली झोप बिघडवायला पुरेशी ठरू शकते, दिवसाची हद्द ओलांडलेली नसतानाही. आणि एनर्जी ड्रिंक परीक्षेच्या काळात प्यायलं जातं ते बहुतेक रात्रीच. निरोगी प्रौढाच्या शरीरात कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या ७२ मिलिग्रॅमपैकी ३६ पहाटे दोनच्या सुमारास अजून रक्तात असतात. एका फिक्या चहात जेवढं कॅफीन असतं, त्याच्या आसपासचा हा आकडा आहे. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. त्यामुळे जागून मिळवलेल्या दोन तासांची किंमत दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोजावी लागते, आणि मग त्या पेपरासाठी पुन्हा बाटली आणली जाते.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितलं, की एनर्जी ड्रिंकमधल्या उत्तेजक घटकांना मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात जागा नाही. त्यांनी आकड्यांची सूट ठेवलीच नाही. काही देशांनी तर हा निर्णय दुकानदाराच्या हाती दिला आहे: लिथुआनियाने २०१४ पासून आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना अशी पेयं विकायला बंदी केली. तरीही घरातल्या संवादासाठी किलोमागे तीनचा हिशोब उपयोगी पडतो. ‘हे वाईट आहे’ असं सांगितलेलं मूल ऐकत नाही. पण स्वतःचं वजन, बाटलीवरचा आकडा आणि दिवसभराची बेरीज मांडून दाखवली तर ते स्वतःच गणित करतं.

गरोदरपणात वजनाचा हिशोब करावा लागत नाही. युरोपीय प्राधिकरण आणि अमेरिकेतली स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांची संघटना दोन्ही दिवसाला २०० मिलिग्रॅम ही हद्द सांगतात. ब्रिटनमध्ये आधी ती ३०० होती. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या अन्न प्रमाण संस्थेने ती २०० वर आणली. त्यामागे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला एक अभ्यास होता: कॅफीन जितकं जास्त, तितकी पोटातल्या बाळाची वाढ कमी राहण्याची शक्यता जास्त, असं त्यात आढळलं. याखाली काहीच धोका नाही आणि याच्या वर अचानक आहे, अशी सरळ रेघ त्या अभ्यासात सापडली नाही. म्हणून २०० हा आकडा ‘इथपर्यंत खुशाल’ या अर्थाने घेऊ नये. बाईला चहा-कॉफी पूर्ण तोडायला न लावता धोका कमी ठेवायचा, त्यासाठी आखलेली ती रेघ आहे.

गरोदरपणात कॅफीनचं वागणंच बदलतं. यकृतातल्या ज्या विकरामुळे कॅफीन मोडतं, त्याचं काम गरोदरपणात हळूहळू मंदावतं. एरवी पाच तासांत निम्मं होणारं कॅफीन शेवटच्या तीन महिन्यांत निम्मं व्हायला पंधरा तास किंवा त्याहूनही जास्त घेऊ शकतं. कॅफीन वारेतून सहज पार होऊन बाळापर्यंत पोहोचतं, आणि बाळाच्या शरीरात ते मोडणारं विकर जवळजवळ नसतंच. आईच्या रक्तातून ते ओसरेल तेव्हाच बाळाच्या रक्तातूनही ओसरतं.

हे आकड्यांत पाहू. सातवा महिना लागलेली, पुण्यात कॉल सेंटरमध्ये दुपारपाळी करणारी एक बाई. संध्याकाळी पाचला कंटाळा आला म्हणून तिने सहकाऱ्याच्या आग्रहाने ७२ मिलिग्रॅमची बाटली घेतली. गरोदर नसती तर रात्री दहाला ३६ आणि पहाटे तीनला १८ उरले असते, आणि सकाळच्या चहापर्यंत ते जवळपास संपलं असतं. आता मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाही ३६ शिल्लक असतात, आणि त्यावर चहा पडतो. रोज एक बाटली घेतली तर कालचं पुरतं जाण्याआधी आजचं येतं. म्हणून तिसऱ्या तिमाहीत फक्त एका दिवसाच्या बेरजेवर समाधान मानता येत नाही.

आणि एका दिवसाची बेरीजही दिसते तितकी सोपी नाही. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीनंतर एक आणि दुपारी एक असा तिचा तीन वेळचा चहा. पोषण संस्थेच्या ३० ते ६५ च्या मधोमध ४५ धरला तर १३५ झाले. त्यात ७२ मिळवले की २०७. हद्द ओलांडायला एका छोट्या बाटलीची भर पुरली. चहाऐवजी ती कॉफी घेत असेल तर बेरीज आणखी लवकर भरते: त्याच मार्गदर्शिकेत दीडशे मिलिलिटर इन्स्टंट कॉफीला ५० ते ६५ आणि पावडर उकळून किंवा फिल्टरने केलेल्या कॉफीला ८० ते १२० मिलिग्रॅम दिले आहेत. ५०० मिलिलिटरची मोठी बाटली घेतली, तर लिटरला ३०० या कमाल दराने तिच्या एकटीचेच १५० होतात, आणि दिवसभरासाठी ५० उरतात. म्हणजे एक घट्ट चहासुद्धा त्यात मावत नाही. बाटलीवरची ‘गरोदर स्त्रियांसाठी योग्य नाही’ ही ओळ या गणितातूनच समजून घ्यावी. बाटलीत बाळाला तात्काळ अपाय करणारं विष आहे असं ती म्हणत नाही. आपल्या घरातल्या चहासोबत या बाटलीला जागा उरत नाही, हे खरं कारण आहे.

गरोदर बाईने लेबलवरचा साखरेचा आकडाही त्याच वेळी वाचावा. २५० मिलिलिटरच्या गोड एनर्जी ड्रिंकमध्ये २५ ग्रॅमच्या पुढे साखर असू शकते, म्हणजे सहा-सात चमचे. गरोदरपणातला मधुमेह असेल किंवा त्याच्या तपासणीची वाट पाहत असेल, तर कॅफीन मोजण्याआधीच निर्णय होतो. ‘शुगर फ्री’ बाटलीत साखर नसते, पण कॅफीन तेवढंच असतं.

परदेशातून आलेला किंवा परदेशात घेतलेला डबा वाचताना सावध राहावं लागतं, कारण तिथे वरचं तिनाने गुणून दहाने भागायचं सूत्र लागू पडत नाही. युरोपात लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन असलेल्या पेयावर ‘कॅफीनचं प्रमाण जास्त, मुलांसाठी आणि गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी शिफारस नाही’ असं लिहून त्यापुढेच दर १०० मिलिलिटरचा आकडा द्यावा लागतो. तिथे आकडा शोधावा लागत नाही, फक्त डब्याच्या आकाराने गुणायचा असतो. ३२ लिहिलेला अडीचशेचा डबा म्हणजे ८० मिलिग्रॅम. अमेरिकेत मात्र कॅफीन घातलं असेल तर घटकांत त्याचं नाव द्यावं लागतं, किती आहे ते सांगण्याची सक्ती नाही. बऱ्याच कंपन्या आपणहून डब्यावर आकडा देतात, आणि ते आकडे भारतीय वाचकाला चकित करणारे असतात. तिथल्या अनेक डब्यांत ३५५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असतात. लिटरला साधारण ५६०, भारताच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे गरोदर बाईची दिवसाची सगळी हद्द एका डब्यात संपते, आणि ६६ किलोपेक्षा कमी वजनाच्या कुठल्याही मुलाची तर ओलांडलीच जाते.

२०२३ मध्ये अमेरिकेत ‘प्राइम’ या नावावरून मोठा गदारोळ झाला, त्यामागे हेच होतं. यूट्यूबवरच्या दोन लोकप्रिय तरुणांनी काढलेलं हे नाव शाळकरी मुलांत कमालीचं चाललं. त्याच नावाची दोन वेगळी पेयं आहेत: बाटलीत मिळणारं ‘हायड्रेशन’, ज्यात कॅफीन नाही, आणि डब्यात मिळणारं ‘एनर्जी’, ज्यात २०० मिलिग्रॅम आहे. नाव एक, रंगसंगती सारखी. घाईत खरेदी करणाऱ्या आईवडिलांना फरक कळणं अवघड. सिनेटर चक शूमर यांनी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशीची मागणी केली. कॅनडात एका डब्यात १८० मिलिग्रॅमची मर्यादा असल्याने तिथे हे आणि असे इतर डबे बाजारातून परत मागवले गेले. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, किंवा सुट्टीत तिकडे गेलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी काही घेणाऱ्यांनी, डब्यावर नुसतं ब्रँडचं नाव वाचून भागत नाही. त्याखालचा पेयाचा प्रकार आणि कॅफीनचा आकडा दोन्ही पाहावे लागतात. आकडा दिलेलाच नसेल, तर तो डबा किशोर मुलासाठी आणि गरोदर बाईसाठी बाजूला ठेवणं हाच लेबलवरून निघणारा निष्कर्ष.

मॉलमध्ये मिळणाऱ्या आयात डब्यांवर भारतीय आयातदाराचं चिकटवलेलं लेबल असतं. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि वर सांगितलेल्या सूचना त्यावर नसतील, तर तो डबा भारतीय मापात बसतो असं गृहीत धरू नये. भारतीय लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की नियम पुरा होतो. मराठी सक्तीची नाही. ज्या घरात मुलालाच इंग्रजी वाचता येतं आणि आईला येत नाही, तिथे ती सूचना ज्याच्यासाठी आहे त्याच्याच हातात राहते. म्हणून आईने निदान ‘मिलिग्रॅम’चं ‘एमजी’ आणि त्याच्या अलीकडचा आकडा ओळखायला शिकावं. भाषा येत नसली तरी तेवढं पुरतं.

आणि काही गोष्टी कुठलंच लेबल सांगू शकत नाही. जन्मतः हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत दोष असलेल्या मुलाला किलोमागे तीनचा हिशोब लागू नाही. त्याने ही पेयं टाळावीत. एकाग्रतेच्या त्रासासाठी काही मुलांना दिली जाणारी औषधं स्वतःच उत्तेजक असतात, त्यांच्यावर कॅफीनची भर घालण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं आणि ते गोळ्यांच्या पाकिटावर घटकांत लिहिलेलं असतं. गरोदर बाईने अशी गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, आणि घेतली तर तेही बेरजेत धरावं. कॅफीन सोसणंही माणसागणिक बदलतं. एका मुलाला बाटलीने काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याला त्याच बाटलीने छाती धडधडते, हात कापतात, मळमळतं. असं एकदा झालं, तर त्या मुलाची हद्द छापलेल्या आकड्याच्या बरीच खाली आहे, एवढं कळलं.

गरोदर असल्याचं माहीत नसताना किंवा एखाद्या लग्नसमारंभात नकळत एक बाटली प्यायली गेली, तर घाबरून जाण्यासारखं काही नसतं. ७२ मिलिग्रॅम हे २०० च्या बरंच खाली आहे. त्या दिवशीचा उरलेला चहा-कॉफी टाळावी, तिसऱ्या तिमाहीत असेल तर दुसऱ्या दिवशीही कमीच ठेवावी, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगावं. दोन-तीन बाटल्या लागोपाठ प्यायलेल्या मुलाला किंवा बाईला छातीत दुखू लागलं, ठोके अनियमित वाटले, वारंवार उलट्या झाल्या, चक्कर आली किंवा आकडी आली, तर मात्र लेबल वाचत बसू नये. थेट जवळच्या दवाखान्यात न्यावं आणि रिकामी बाटलीही सोबत घ्यावी. किती वाजता आणि किती प्यायलं हे डॉक्टरांना सांगता आलं तर त्यांना पोटात गेलेल्या कॅफीनचा अंदाज लगेच बांधता येतो.